आभाराचं विचलन-पत्रक

कंपनीत तिला सगळे आभारबाई म्हणत. म्हणजे पाठीमागे म्हणत. पण कंपनीतल्या पार्टिशनच्या भिंती इतक्या पातळ, की तिला ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तिने वाईट वाटून घेतलं नाही. उलट ज्याने नाव ठेवलं त्याचे तिने मनातल्या मनात आभार मानले असावेत, अशी शंका घ्यायला जागा आहे. कॉफीचं मशीन दुरुस्त करायला येणाऱ्यालाही ती दोन ओळींची मेल पाठवत असे, आणि तो बिचारा पुढच्या वेळी मशीनचा नको तो भागही पुसून जात असे.

पण कामाला बाई वाघीण. कंपनी मोठाले पंप बनवायची, गावोगावच्या पाणीपुरवठ्याला लागतात तसले, आणि आभारबाई होती निविदा विभागाची प्रमुख. कुठे पंपांची निविदा निघाली, की किंमत, कागदपत्रं, नकाशे गोळा करून ठरल्या वेळेआधी ती पोर्टलवर चढवायची, हे तिचं काम. वेळ म्हणजे वेळ. तीन वाजले म्हणजे पोर्टल बंद, मग बाहेर उभं राहून कितीही रडा.

या वेळी घोडं अगदी शेवटच्या टप्प्यात पेंड खायला बसलं. ग्राहकाने शुद्धिपत्रक काढलं: विहिरीची खोली अडीच मीटरने वाढवली आहे. वाचायला एक ओळ. पण पंप विहिरीत लांब दांड्यावर लटकतो. खोली वाढली की दांडा वाढला, बेअरिंग वाढले, वजन वाढलं, वजन वाढलं की खालचा पायाही बदलला. म्हणजे झाडून सगळी ड्रॉइंग नव्याने. आभारबाईच्या हातात ते शुद्धिपत्रक पडलं शुक्रवारी, आणि निविदा भरायची होती मंगळवारी तीन वाजता.

तेव्हा ती धावत गेली ड्रॉइंग विभागात, मामांकडे. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण पंचवीस वर्षं सगळ्या कंपनीची भाचरं सांभाळल्यासारखं वागत, म्हणजे आधी ओरडत आणि मग काम करून देत. त्यांच्या हाताखाली तीन माणसं. दोन कायम, आणि तिसरी एक कंत्राटी बाई, जिला सगळे मिलिमीटर म्हणत. कारण तिच्या टेबलावरून गेलेल्या ड्रॉइंगमध्ये तेवढीही चूक राहत नसे. मामा शुद्धिपत्रकाकडे बघून ओरडले. आभारबाईने ऐकून घेतलं. मग मामा म्हणाले, "ठेव तिथं."

मंगळवारी अडीच वाजता निविदा पोर्टलवर चढली. पोचपावती आली तेव्हा आभारबाईच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. आणि त्याच भरात, चहासुद्धा न घेता, ती आभाराची मेल लिहायला बसली.

आता साधी मेल लिहिली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण तिला वाटलं, मामांचा विभाग बिचारा कोपऱ्यात राबतो, वरच्यांना कधी दिसत नाही. आज दिसू दे. म्हणून तिने मेल मामांना लिहिली आणि प्रत लावली मोठ्या साहेबांना, मनुष्यबळाच्या प्रमुखबाईंना, विक्रीप्रमुखांना, आणि ज्यांचं नेमकं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं अशा आणखी दोन उपाध्यक्षांना. तिने लिहिलं:

"मामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखेरच्या क्षणी सगळी ड्रॉइंग नव्याने करून दिली, तीही हसतमुखाने आणि आपल्या नेहमीच्या कामात जराही खंड न पडू देता. आमच्यासाठी जे डोंगराएवढं होतं ते त्यांच्यासाठी हातचा मळ ठरलं. असा विभाग आपल्याकडे आहे हे आपलं भाग्य."

वाचून तिलाच भरून आलं. 'हसतमुखाने' हा शब्द जरा धाडसी होता, कारण मामा हसल्याचा पुरावा कंपनीत उपलब्ध नव्हता. पण आभाराच्या मेलमध्ये एवढं चालतं, असं म्हणून तिने बटण दाबलं आणि समाधानाने घरी गेली.

सकाळी येऊन बघते तर अभिनंदनाचा पाऊस. सगळ्यांनी सगळ्यांना उत्तर दिलेलं. एका उपाध्यक्षांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते, म्हणून दुसऱ्यांनी त्यापेक्षा जास्त हात पाठवले होते. विक्रीप्रमुखांनी लिहिलं होतं, "वा! मग आमच्या माहितीपुस्तिकेची चित्रंही मामांकडेच देतो." आणि सगळ्यांच्या वर मोठ्या साहेबांचं उत्तर: "छान!" तिने तेवढाच पहिला शब्द वाचला आणि कौतुकाचा दुसरा हप्ता प्रत्यक्ष द्यावा म्हणून ड्रॉइंग विभागाकडे निघाली.

तिथे सुतक पडल्यासारखी शांतता होती. दोन्ही कायम माणसं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली. मिलिमीटर एका ड्रॉइंगवर लाल पेनाने खुणा करत होती. तिने वर पाहिलं, हसली, पण ते हसणं ओठांवरच राहिलं.

"काय मामा, एकदम हिरो झालात!" आभारबाई म्हणाली.

मामांनी चष्मा काढला. "बस," ते म्हणाले. "साहेबांचं उत्तर पूर्ण वाचलंस?"

"छान म्हणालेत."

"पुढे वाच."

मामांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "छान! ड्रॉइंग विभागाकडे इतका मोकळा वेळ आहे हे कळून आनंद झाला. मनुष्यबळ विभागाने गुरुवारच्या प्रस्तावाचा या प्रकाशात पुन्हा विचार करावा."

"कुठला प्रस्ताव?" तिने विचारलं.

मामांनी आवाज खाली आणला. मिलिमीटरच्या कंत्राटाला या महिनाअखेर तीन वर्षं पुरी होत होती. कंपनीचा नियम असा, की तीन वर्षांनंतर एक तर माणूस कायम करायचा, नाही तर परत पाठवायचा. तिसरा रस्ता नाही. मामांनी महिन्यापूर्वी वर लिहून दिलं होतं, की विभागाचा कामाने जीव चाललाय, ही जागा कायम केल्याशिवाय निभणार नाही. मनुष्यबळाच्या प्रमुखबाई जवळजवळ राजी झाल्या होत्या. गुरुवारी दुपारी सही व्हायची होती.

"आणि मी कालच सगळ्या दुनियेला लिहिलं की तुम्हाला काम म्हणजे हातचा मळ," आभारबाई म्हणाली.

"जराही खंड न पडू देता," मामांनी आठवण करून दिली. "हसतमुखाने."

"मामा, तुम्ही सांगा ना साहेबांना, खरं काय ते."

"काय सांगू? आभारबाई थापा मारतात म्हणून? कौतुक झाल्यावर जो माणूस रडतो ना, त्याच्याइतका वाईट कुणी दिसत नाही. मी तोंड उघडलं तर म्हणतील, पोरीच्या जागेसाठी काम फुगवून सांगतोय." त्यांनी चष्मा परत चढवला. "पुढच्या वेळी शिव्या घाल, पण आभार मानू नकोस. एवढे उपकार कर."

आभारबाई उठली. बाहेर पडताना तिने मिलिमीटरकडे पाहिलं. तिच्या गळ्यात कंत्राटी माणसांची पिवळी पट्टी होती, आणि पट्टीच्या टोकाला ओळखपत्राच्या मागे एका लहान मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो. आभारबाईने तो फोटो तीन वर्षांत कधी नीट बघितला नव्हता. आज दिसला आणि तिला स्वतःचा मनापासून राग आला.

संध्याकाळी घरी आली तीच तोंड पाडून. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावत होत्या, आणि नवरा फोन कानाला लावून कुणाला तरी म्हणत होता, "या ना, या, आईला काय, तिला आवडतंच." फोन ठेवून त्याने जाहीर केलं, की रविवारी धाकटा काका सहकुटुंब जेवायला येतोय. आठजण.

सासूबाईंनी पिशवी सरकवली आणि सुनेकडे पाहिलं. "हे तुझं काम," त्या म्हणाल्या.

"माझं? मी काय केलं आई?"

"बारशाला काय म्हणाली होतीस सगळ्यांसमोर? 'आमच्या आईंना वीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे काहीच नाही, गाणी गुणगुणत करतात.' तेव्हापासून एक रविवार रिकामा गेला असेल तर शपथ. मी गुणगुणत नव्हते गं बाई, मी कण्हत होते."

नवरा खो-खो हसला. आभारबाई हसली नाही. ती तशीच, पर्स खांद्यावर, फ्रीजला टेकून उभी राहिली.

"मी तर कौतुक करत होते," ती म्हणाली.

"करत होतीस ना. पण कौतुक करताना माझी कंबर तेवढी वगळलीस." सासूबाई मऊ आवाजात म्हणाल्या, कारण सुनेचा चेहरा त्यांना दिसत होता. "ऑफिसात काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलीही. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता उद्या जाऊन साहेबांच्या कानात सांगशील?"

"तेच म्हणतेय. केबिनमध्ये जाऊन..."

"गावभर दवंडी पिटायची आणि चूक कानात सांगायची, हे कुठलं गं?" सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी पुन्हा कंबरेला लावून डोळे मिटून बसल्या.

आभारबाईने नवऱ्याकडे हात पुढे केला. "फोन दे. काकांना सांगते, आईंची कंबर धरलीये, रविवारी आपण सगळे बाहेर जेवू." नवऱ्याने मुकाट्याने फोन दिला. आणि बोलता बोलताच तिला काहीतरी सुचलं, ते इतकं तिच्या रोजच्या कामातलं होतं, की आधी कसं सुचलं नाही याची तिला लाज वाटली.

प्रत्येक निविदेसोबत तिचा विभाग एक कागद जोडतो. त्याला म्हणतात विचलन-पत्रक. ग्राहकाने मागितलं ते आणि आपण खरंच देणार ते, यात जिथे जिथे फरक आहे तो एकेक करून तिथे लिहायचा. याचा नियम ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावी: या कागदावर जे लिहिलं नाही, ते तुम्ही मान्य केलं असं धरलं जातं, आणि फुकट धरलं जातं. विचलन लिहायला लाजाल तर कंपनी बुडवाल, हे तिचं आवडतं वाक्य होतं. आणि हीच बाई, निविदांचे डोंगर उपसलेली, आभाराचा इतका मोठा मजकूर विचलन-पत्रकाशिवाय वर पाठवून मोकळी झाली होती!

गुरुवारी सकाळी तिने मामांच्या दोन कायम माणसांना त्या चार दिवसांबद्दल विचारून घेतलं, आणि कच्चा मजकूर घेऊन ती मामांसमोर उभी राहिली. मामांनी वाचला. पहिल्या मुद्द्याला त्यांची भुवई वर गेली, दुसऱ्याला दुसरी.

"हे चालू ऑर्डर थांबल्याचं काढ," ते म्हणाले.

भानगड अशी होती, की ते चार दिवस मामांनी एका चालू ऑर्डरची ड्रॉइंग बाजूला ठेवली होती. कारखान्यात फोरमन त्यांची वाट बघत बसलेले. ते चिडू नयेत म्हणून मामांनी निरोप धाडला होता, की ड्रॉइंग छापायचा प्लॉटर बिघडलाय.

"काढलं तर फुकट धरतील," आभारबाई म्हणाली. "पण नाव तुमचं आहे, मामा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही पाठवणार."

मिलिमीटर तिच्या टेबलाशी होती आणि ऐकू येत नसल्यासारखं करत होती. मग मामा उठले, म्हणाले, "चल, आधी त्यालाच सांगू," आणि दोघं कारखान्याच्या शेडमध्ये गेली.

फोरमननी सगळं ऐकलं, हात पुसले आणि म्हणाले, "रविवारी मी पण आलो होतो मामा. तुमचा बिघडलेला प्लॉटर दिवसभर खडखडत होता. म्हटलं, काहीतरी मोठी अडचण असणार, नाहीतर हा माणूस खोटं बोलायचा नाही." मग ते आभारबाईकडे वळले. "लिहा तुम्ही. माझी दोन मशीन चार दिवस रिकामी होती, तेही लिहा."

दुपारच्या आत मेल गेली. त्याच सगळ्यांना, उपाध्यक्षांसकट.

"मंगळवारच्या माझ्या आभाराच्या मेलसोबत विचलन-पत्रक जोडायचं राहून गेलं. ते खाली देत आहे.

एक. 'नेहमीच्या कामात खंड न पडू देता' असं मी लिहिलं. प्रत्यक्षात चालू ऑर्डरची ड्रॉइंग चार दिवस थांबली आणि कारखान्यातली दोन मशीन रिकामी राहिली. हे मी विचारलं नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं.

दोन. 'हातचा मळ' असं मी लिहिलं. प्रत्यक्षात रविवारसकट चारही दिवस हा विभाग सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसला होता. प्रत्येक ड्रॉइंग कंत्राटी सहकारी बाईंनी तपासलं. त्यांची जागा नसती तर निविदा वेळेत गेली नसती. हे मी माझ्या विभागाच्या वतीने खात्रीने सांगते.

तीन. 'हसतमुखाने' हे पूर्णपणे चुकीचं आहे. मामा ओरडले होते.

चार. 'अखेरच्या क्षणी' असं मी लिहिलं. शुद्धिपत्रक पोर्टलवर बुधवारीच आलं होतं. पोर्टल रोज बघणं माझं काम. मी ते शुक्रवारी बघितलं. ते दोन दिवस ड्रॉइंग विभागाने त्यांच्या रविवारातून भरून दिले."

चौथा मुद्दा कच्च्या मजकुरात नव्हता. मामांनाही तो ठाऊक नव्हता. बटण दाबण्याआधी तिने तो घातला, कारण पहिले तीन वाचताना तिला जाणवलं, की यात सगळ्यांची कंबर आली, आपली तेवढी सुटली. निविदा विभागाच्या प्रमुखाने शुद्धिपत्रक दोन दिवस न बघणं ही काही चहा सांडण्यासारखी चूक नव्हे.

या वेळी टाळ्यांचे हात आले नाहीत. कुणाचंच काही आलं नाही. दोन्ही उपाध्यक्ष असे गप्प झाले, की त्यांना हात नाहीतच असं वाटावं. आभारबाईने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. प्रस्तावाची बैठक दुपारी होती, ती सुरू झाली असणार, संपली असणार, हे ती घड्याळाकडे न बघता जाणून होती.

संध्याकाळी मोठ्या साहेबांचं उत्तर आलं, सगळ्यांना.

"एक ते तीन: विचलनं मान्य. ड्रॉइंग विभागातली जागा कायम करण्यात येत आहे. विक्री विभागाने माहितीपुस्तिकेसाठी अन्य व्यवस्था पाहावी. चार: अमान्य. उद्या सकाळी दहाला मला भेटा."

तिने पहिल्या ओळी दोनदा वाचल्या आणि शेवटची एकदाच. इतकी वर्षं विचलनं लिहिली, पण एकाही ग्राहकाने एका झटक्यात तीन मान्य केल्याचं तिला आठवत नव्हतं. शुक्रवारी सकाळी दहाला ती केबिनमध्ये गेली आणि बरंच ऐकून, कान लाल करून बाहेर आली. तिच्या वर्षाच्या शेऱ्यात ती चूक नोंदली गेली, आणि पोर्टल रोज दोनदा बघायचं, असा नियम तिच्याच सहीने तिच्याच विभागाला लागू झाला. आभार मानण्याआधी मात्र आता ती समोरच्याला विचारू लागली, "कशाकशाला मुकलात?" लोक बिचकत, आणि मग सांगत. कॉफीच्या मशीनवाल्याने तर अर्धा तास सांगितलं.

महिन्याने मिलिमीटर तिच्या टेबलाशी आली. गळ्यात कायम माणसांची निळी पट्टी होती, फोटो तोच.

"बसा ना," आभारबाई म्हणाली. "आभार-बिभार मानायला आला असाल तर राहू द्या. माझ्याच मेलने जात होती जागा."

"आभार नाही मानायचेत," मिलिमीटर म्हणाली. "विचारायचं होतं. चौथा मुद्दा का लिहिलात? तो कुणालाच माहीत नव्हता."

"मला माहीत होता ना."

"मलाही होता," मिलिमीटर म्हणाली. "शुद्धिपत्रकावर वरच तारीख असते. खोली बघायच्या आधी मी तारीख बघितली होती."

आभारबाईने तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत झालेलं ते कौतुक, त्यानंतरची ती शांतता, लाल पेनाच्या खुणा, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. 'दोन दिवस त्यांनी घालवले, ते आम्ही रविवारी राबून भरले,' एवढ्या एका वाक्याने ही बाई स्वतःची जागा वाचवू शकली असती.

"मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "कागदच होता की तुमच्या हातात."

"पिवळ्या पट्टीत तारखा वाचता येतात हो," मिलिमीटर म्हणाली. "मोठ्याने वाचता येत नाहीत." मग तिने निळी पट्टी चिमटीत धरून जराशी उचलली आणि पहिल्यांदाच पूर्ण हसली. "आता येतात. तर पोर्टलवर काल सकाळी एक शुद्धिपत्रक आलंय. तुम्ही बघितलंत?"